बसणारा शब्द

आमच्या खोलीत दिवसभर माणसं एकमेकांना वाचून दाखवतात आणि एकाही वाक्याचा अर्थ कुणाच्या डोक्यात शिरत नाही, असं हे म्हणायचे. हे, म्हणजे माझे यजमान. तीस वर्षं त्याच खोलीत त्यांनी वाचलं आणि मी खुणा केल्या, तेव्हा त्यांना असं बोलायचा अधिकार होता.

खोली छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. सहा टेबलं, प्रत्येकाशी दोन खुर्च्या समोरासमोर. कायद्याची पुस्तकं, नियमावल्या, करारांचे नमुने असली सगळी इंग्रजी कामं आमच्याकडे येतात, कारण त्यांत चूक झाली तर प्रकरण कोर्टात जातं. एकाच्या हातात गिऱ्हाइकाची मूळ प्रत. तो ती मोठ्याने वाचतो, स्वल्पविरामासकट. दुसऱ्यापुढे छापलेलं प्रूफ आणि पेन्सिल. तो ऐकतो, बघतो आणि चूक दिसली की समासात खूण करतो. यंत्रं आली, तपासायच्या नव्या सोयी आल्या, पण या कामांसाठी दोन माणसं आणि एक पेन्सिल हे आमच्या मालकांनी सोडलेलं नाही. त्यांचा हट्ट म्हणा, आमची भाकरी म्हणा.

हे गेले आणि महिन्याभराने मी कामावर आले. मला रडू आलेलं नव्हतं. येईल, येईल म्हणून सगळे वाट बघत होते, मीही बघत होते, आणि ते काही आलं नाही. लोक भेटायला आले की मी त्यांना पाणी द्यायचे आणि ते रडायचे. माझं आपलं सगळं दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यासारखं झालं होतं. गाल आहे हे माहीत असतं, पण चावला तरी कळत नाही.

यांच्या खुर्चीवर मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, आणि पाणीपट्टीचा नियमही असा वाचणार की जणू रणांगणावर उभे आहेत. माणूस चांगला. पण त्यांना आमच्या खुणा माहीत नव्हत्या, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

इंग्रजीत काही शब्द कानाला सारखे आणि कागदावर वेगळे असतात. वाचणाऱ्याने नुसता शब्द उच्चारला तर खुणा करणाऱ्याला काय कळणार? म्हणून आमच्या खोलीत टेबलाच्या खुणा आहेत. शेवटी 'सीड' येणारे शब्द हे त्यातलं जुनं दुखणं. प्रिसीड, रिसीड, कन्सीड अशांसाठी बोटाने टेबलावर एक टकटक. म्हणजे शेवट सी-ई-डी-ई, साधा. प्रोसीड, एक्सीड, सक्सीड या तिघांसाठी दोन टकटक, कारण त्यांच्यात दोन ई शेजारी शेजारी येतात आणि डी सगळ्यात शेवटी. असे नेहमीच्या वापरातले तीनच. आणि सुपरसीड आला की टकटक नाही. अख्खा तळवा टेबलावर ठेवायचा आणि तो तिथेच राहू द्यायचा. तळवा म्हणजे बसला. तिथे सी नाही, एस. एस-ई-डी-ई. नेहमीच्या क्रियापदांत असा हा एकच.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी वाद घातला. बाकी सगळ्यांत सी आहे तर याच्यातच एस का, हा काय न्याय झाला, म्हणाले. यांनी मला सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. मी तेव्हा नवीन लागले होते, लग्नही व्हायचं होतं, आणि यांनी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून हे समजावलं होतं. मुलीवर छाप पाडायची ही काय रीत, असं मला तेव्हा वाटलं होतं.

लॅटिनमध्ये दोन क्रियापदं होती. एक केदेरे, म्हणजे जाणे, वाट देणे. दुसरं सेदेरे, म्हणजे बसणे. त्या काळच्या लोकांचा यात कधी घोटाळा झाला नसता, कारण ते एकाला 'क' म्हणत आणि दुसऱ्याला 'स'. पुढे त्या 'क'चा उच्चार काही स्वरांपुढे मऊ होत होत 'स' झाला आणि शेकडो वर्षांनी आमच्यासारख्यांच्या गळ्यात हे घोंगडं पडलं. प्रोसीड म्हणजे पुढे जाणं. एक्सीड म्हणजे मर्यादेच्या बाहेर जाणं. प्रिसीड आधी जातो, रिसीड मागे जातो, कन्सीड वाट सोडतो. सगळे चालणारे. त्यांच्यात सी. सुपरसीड मात्र बसणारा. सुपर म्हणजे वर, सेदेरे म्हणजे बसणं. नवा नियम येतो आणि जुन्याच्या वर बसतो. भांड्याच्या तळाशी बसणाऱ्या गाळाला सेडिमेंट म्हणतात ना, त्यातला हा एस.

"सक्सीडही कुणाची तरी जागाच घेतो की," मी तेव्हा यांना म्हटलं होतं. "बापामागे मुलगा गादीवर येतो, तो सक्सीडच."

"मुलगा मागून चालत येतो," हे म्हणाले, "आणि रिकाम्या खुर्चीत येतो. हा खुर्चीत कुणी असताना वर येऊन बसतो. फरक आहे."

मास्तरांनी हे सगळं मान डोलावून ऐकलं. प्रोसीजरमध्ये एकच ई का मग, असं त्यांनी विचारलं. तिथे प्रोसीडमधला एक ई गळतो, त्याला कारण नाही, ते पाठच करायचं, असं मी सांगितलं. हे म्हणायचे, बसणं आणि चालणं समजून घे, ई मात्र मोजून पाठ कर. मास्तरांनी पाठ केलं. शाळेत लोकांना पाठ करायला लावण्यात त्यांचा जन्म गेला होता, आता त्यांची पाळी.

पण एक कबूल करते. कारण पाठ असूनही त्या शब्दाशी माझा हात अडायचाच. कुठल्या कामात सी बघून बघून डोळा सरावला की एसच खोटा वाटायला लागतो. म्हणून तीस वर्षं मी त्या शब्दासाठी यांच्या तळव्यावर विसंबून राहिले. तळवा बसला की एस. बाकी प्रत्येक चूक मी माझ्या डोळ्याने पकडायचे. ही एक त्यांच्या हाताने.

मास्तर येऊन दोन महिने झाले असतील. मॅनेजरांनी मला खाली बोलावलं. टेबलावर पाणीपुरवठा मंडळाची नियमावली होती, निळ्या कापडी बांधणीची. मी ती ओळखली. हे आणि मी मिळून वाचलेलं ते शेवटचं पुस्तक. त्यानंतर हे कामावर आले नाहीत आणि तीन आठवड्यांनी गेले.

मॅनेजर सभ्य माणूस आहे. वाईट बातमी द्यायची असली की आधी चष्मा पुसतात. त्या दिवशी बराच वेळ पुसला. मंडळाने सगळ्या प्रती परत पाठवल्या होत्या. अमुक नियम तमुक नियमाला सुपरसीड करतो, असं त्या पुस्तकात सतरा ठिकाणी आहे. किंबहुना पुस्तक आहेच त्यासाठी. त्यातल्या पहिल्या ठिकाणी एस आहे आणि पुढच्या सोळा ठिकाणी सी.

मी म्हटलं, मूळ प्रतीतच सी असणार. मॅनेजर म्हणाले, हो, त्यांच्या टंकलेखकाने सतराही ठिकाणी सी टाइप केलाय, मंडळ ते मान्य करतं. पण आपण स्पेलिंग दुरुस्त करून देतो म्हणून तर लोक आपल्याकडे येतात. आणि एक दुरुस्त करून सोळा सोडले, म्हणजे आपल्याला ठाऊक होतं हेही सिद्ध झालं. त्यांनी मंडळाला सांगून पाहिलं होतं की सी घालून लिहिण्याची चूकही शेकडो वर्षं जुनी आहे, काही कोश तिची नोंदही घेतात. मंडळाच्या वकिलाने उत्तर दिलं की नोंद चोराचीही घेतात.

मला हसू यायला हवं होतं. यांना फार आवडलं असतं ते उत्तर. मी नुसती निळ्या बांधणीकडे बघत राहिले.

पुस्तक पुन्हा छापायचं हे ठरलेलंच होतं. प्रश्न रजिस्टराचा होता. आमच्याकडे चुकांचं रजिस्टर आहे, खोलीतल्या प्रत्येकाला एक पान. छापून गेल्यावर सापडलेली चूक ज्याच्या हातून झाली त्याच्या पानावर चढते, कारणासकट. तीन नोंदी झाल्या की माणूस वाचनाच्या टेबलावरून उतरतो आणि खाली बांधणीत जातो, छापलेल्या कागदांचे फर्मे मोजायला आणि गठ्ठे बांधायला. माझ्या पानावर दोन नोंदी होत्या, दोन्ही जुन्या. यांचं पान तीस वर्षं कोरं होतं. नवीन माणूस खोलीत आला की त्याला ते पान उघडून दाखवायची पद्धतच पडली होती. हे त्या वेळी पाणी प्यायला उठून जायचे.

"चूक दोघांपैकी कुणाची, हे आता कोण सांगणार?" मॅनेजर म्हणाले. "त्यांनी खूण दिली नसेल. औषधं जबरदस्त चालू होती. पहिल्या वेळी दिली, मग थकले. हे कुणालाही पटेल. ते आता नाहीत, वहिनी. त्यांच्या पानावर घेतलं तर त्यांचं काही जात नाही. तुमचं टेबल मात्र राहील."

मी म्हटलं, मला आठवत नाही. ते खरं होतं. त्या शेवटच्या तीन दिवसांतलं मला काही आठवत नव्हतं. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मी खुर्ची ओढून जवळ घेतली होती, एवढंच. मॅनेजरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. म्हणाले, विचार करा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की विचार करण्यासारखं त्यात काय आहे.

घरी लेकीला सांगितलं. लेक माझ्यासारखी नाही. ती रडून मोकळी झाली होती आणि आता माझ्यासाठी डॉक्टर शोधत होती. तिला मॅनेजरांचं म्हणणं बरोबर वाटलं. त्यात एवढं काय, म्हणाली. बाबा शेवटचे दोन महिने बाबा नव्हतेच. औषधाने त्यांना काही कळत नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं होणार म्हणून. आई, तूच एकटी त्यांच्याशी बोलत राहिलीस. ते तुला उत्तर देत होते असं तुला वाटायचं.

हे तिने मायेने सांगितलं. मीही हो म्हटलं आणि भांडी विसळली. पण अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य सरकेना. बाबा बाबा नव्हतेच. मग त्या तीन दिवसांत माझ्यासमोर कोण बसलं होतं? शेवटचं पान संपल्यावर यांनी प्रत खाली ठेवली होती आणि मला म्हणाले होते, "छान झालं वाचन." एवढंच मला आठवत होतं. त्यानंतर घरी ते फारसे बोललेच नाहीत. झोप, पाणी, खिडकी लाव, असलंच. म्हणजे माझ्याशी बोललेलं शेवटचं खरं वाक्य तेच. सोळा ठिकाणी खूण द्यायची ते विसरले असतील तर ते वाक्यही औषधाचंच. त्याला मग काही अर्थ उरत नाही.

नोकरीचा विचार त्या रात्री माझ्या मनात आला नाही. मोठेपणा नाही, खरंच आला नाही. मला फक्त तो माणूस तिथे होता की नव्हता, एवढं हवं होतं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी तळमजल्यावर दप्तरात गेले. मूळ प्रती आमच्याकडे वर्षभर राहतात, फितीने बांधून. दप्तरवाला वयाने माझ्याहून मोठा आणि कानाने अधू. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. त्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, गठ्ठा काढला आणि स्वतःचं स्टूल मला देऊन बाहेर जाऊन उभा राहिला. मॅनेजरांना हे सुचलं नव्हतं असं नाही. त्यांना ते बघायचं नव्हतं. बघितलं असतं तर सोय मोडली असती.

वाचणाऱ्याने खूण दिली की मूळ प्रतीत त्या शब्दावर पेन्सिलीने एक ठिपका ठेवायचा, हा आमच्या खोलीचा नियम. उजवा हात टेबलावर, डाव्या हाताने ठिपका. ठिपका म्हणजे मी सांगितलं. पुढे वाद झाला तर पुरावा. यांनी त्यात स्वतःची एक भर घातली होती, जी खोलीत कुणाला ठाऊक नव्हती. खूण दिल्यावर ते माझी पेन्सिल हलायची वाट बघायचे. ती हलली की ठिपक्याला एक बारीकशी शेपटी काढायचे. ठिपका म्हणजे मी सांगितलं, शेपटी म्हणजे हिने घेतलं. मी एकदा चेष्टा केली होती की ही कसली पोचपावती. संसारात कुठे मिळते, इथे तरी घेऊ द्या, म्हणाले होते.

मी फीत सोडली. पहिला सुपरसीड चौथ्या पानावर. ठिपका होता, शेपटीही होती.

दुसरा अकराव्या पानावर. ठिपका होता.

मी पानं उलटत गेले. तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येकावर ठिपका. अक्षर हललं होतं त्यांचं, बाजूला त्यांनी लिहिलेले पानांचे आकडे वाचवत नव्हते, पण ठिपका नेमका त्या सीच्या डोक्यावर. मधे एक्सीड होता आणि टंकलेखकाने त्यात एकच ई घातला होता. त्यावर ठिपका आणि शेपटी. प्रोसीजरमध्ये एक ई जास्त, ठिपका आणि शेपटी. बाराव्या सुपरसीडपर्यंत आले तेव्हा ठिपके मोठे झाले होते, पेन्सिल टेकवून उचलायला वेळ लागत असणार. सतरावा शेवटच्या आदल्या पानावर होता. त्याचाही ठिपका होता. कागद थोडा फाटला होता तिथे.

सतरा ठिपके. एकही चुकला नव्हता. तो माणूस तिथे होता. पूर्ण होता. माझ्या लेकीचं, डॉक्टरांचं, मॅनेजरांचं सगळं म्हणणं त्या सतरा ठिपक्यांपुढे पोकळ होतं. मला बरं वाटलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते बरं वाटलं.

मग शेपट्या दिसल्या. म्हणजे नसलेल्या दिसल्या. सोळा ठिपक्यांना शेपटी नव्हती.

म्हणजे त्यांनी तळवा ठेवला आणि वाट बघितली. माझी पेन्सिल हलली नाही, हे त्यांनी बघितलं. सोळा वेळा बघितलं. नियम असा की पेन्सिल हलली नाही तर वाचणाऱ्याने थांबायचं आणि शब्द पुन्हा म्हणायचा. तीस वर्षांत माझी तंद्री लागली की हे टेबलावर नखाने खरवडायचे आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणायचे, बाईसाहेब, परत या. या वेळी ते थांबले नाहीत. पुढचा शब्द वाचला.

स्टुलावर बसल्या बसल्या मला ते तीन दिवस आठवले. टकटक झाली की बोट उचललं जायचं आणि मी प्रुफाकडे बघायचे. तळवा मात्र बसून राहायचा. आणि तो बसला की मी त्याच्याकडे बघायचे. हाडं दिसायला लागली होती. नखं निळसर. अंगठी सैल होऊन बोटात फिरायची म्हणून तिला दोरा गुंडाळला होता, तो दोरा मीच गुंडाळलेला. घरी मला असं बघता यायचं नाही, घरी मी बघायला लागले की ते हात पांघरुणात घ्यायचे. इथे तो हात समोर, टेबलावर, उजेडात. काय शब्द आहे, कुठला नियम कुठल्या नियमाच्या वर बसला, याच्याशी मला काही देणंघेणं उरलेलं नव्हतं. मी त्या हाताकडे बघायचे. आणि यांना ते कळलं होतं. त्यांनी मला सोळा वेळा बघू दिलं.

हात उचलायला त्यांना वेळ लागतो असं मला तेव्हा वाटलं होतं.

मी गठ्ठा बांधला. फितीची गाठ दोनदा सुटली. दप्तरवाला आत आला आणि काही न विचारता त्याने ती बांधली.

सोमवारी मी मॅनेजरांपुढे मूळ प्रत ठेवली आणि ठिपके दाखवले. त्यांनी सगळे मोजले. चष्मा पुसला. म्हणाले, सतराही दिलेत त्यांनी. मी म्हटलं, हो. मग ते म्हणाले की हे बाहेर काढायची काय गरज होती, ते म्हणजे तुम्ही स्वतःच्या पायावर. वाक्य त्यांनी अर्धं सोडलं. शेपट्यांबद्दल त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना त्या माहीतच नव्हत्या. मीही सांगितलं नाही. नियमाने बघितलं तर थांबले नाहीत म्हणून निम्मी चूक यांचीही. ती कुठल्याच रजिस्टरात चढणार नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका दाखवून पोट भरलं, ही एक लपवली.

रजिस्टर आणलं. आधी त्यांनी यांचं पान काढलं. माणूस खोलीतून कायमचा गेला की पानाच्या तळाशी एक रेघ मारून ते बंद करतात. यांचं अजून उघडंच राहिलं होतं, कुणाचा हात झाला नव्हता. मॅनेजरांनी पट्टी माझ्यापुढे सरकवली. मी कोऱ्या पानावर रेघ मारली. ती सरळ आली.

मग माझं पान. तिसरी नोंद. पुस्तकाचं नाव, पानांचे आकडे, सोळा ठिकाणं, हे सगळं मॅनेजरांनीच लिहिलं. शेवटचा रकाना कारणाचा. तो ज्याचा त्याने लिहायचा असतो. लोक तिथे बहुतेक 'नजरचूक' लिहितात. माझ्या आधीच्या दोन्ही नोंदींत तेच होतं.

मॅनेजर म्हणाले, "लिहा नजरचूक. वर मास्तर थांबलेत, बांधणीत जायच्या आधी दुरुस्तीची प्रुफं तेवढी संपवा."

मी पेन घेतलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला ते कधी सुरू झालं कळलं नव्हतं. मॅनेजर खिडकीकडे बघायला लागले. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'हात बघत होते.'